ऑफर लेटर स्वीकारण्यापूर्वी विचारावयाच्या अटी

परिवीक्षा, सेवाबंधपत्र आणि नोटीस काळाची भरपाई या भारतातील खासगी नोकरीच्या करारात आढळणाऱ्या तीन अटी होत. व्यवहारात त्यांना अनुक्रमे प्रोबेशन, सर्व्हिस बाँड आणि नोटीस बायआउट असे म्हटले जाते. नोकरी किती काळ कच्ची राहील, ती मुदतीपूर्वी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल आणि जुन्या नोकरीतून लवकर मोकळे होण्याचा खर्च कोण उचलेल, हे या तीन अटींवरून ठरते. या अटी पत्रात बहुधा वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलेल्या असतात; त्यांचा परिणाम मात्र एकत्रित होतो. त्यामुळे त्यांचा खुलासा ऑफर लेटरवर स्वाक्षरी करण्यापूर्वी आणि जुन्या नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी लेखी मागणे उमेदवाराच्या हिताचे असते.

## ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर

ऑफर लेटर हा नियोक्त्याचा प्रस्ताव असतो. त्यात पद, वेतन, रुजू होण्याची तारीख आणि मुख्य अटी थोडक्यात दिलेल्या असतात. उमेदवाराने तो स्वीकारल्यावर भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार करार अस्तित्वात येऊ शकतो. अपॉइंटमेंट लेटर, म्हणजे नियुक्तिपत्र, बहुधा रुजू होण्याच्या दिवशी दिले जाते आणि तपशीलवार सेवाशर्ती त्यात असतात.

अडचण या दोन पत्रांमधील अंतरात असते. ऑफर लेटरमध्ये अनेकदा ‘इतर अटी कंपनीच्या धोरणानुसार लागू राहतील’ असे एकच वाक्य असते. ते धोरण उमेदवाराने पाहिलेले नसते. सेवाबंधपत्राचा मसुदाही पुष्कळदा रुजू होण्याच्या दिवशीच समोर ठेवला जातो. तोपर्यंत जुनी नोकरी सुटलेली असते, कधी गावही बदललेले असते, आणि नकार देण्याची शक्यता प्रत्यक्षात उरलेली नसते. म्हणून पहिली विनंती अशी असावी की, ज्या ज्या कागदावर स्वाक्षरी करावी लागणार आहे, त्यांच्या प्रती ऑफर लेटरसोबतच मिळाव्यात. यांत नियुक्तिपत्राचा नमुना, बंधपत्राचा मसुदा आणि राजीनाम्याविषयीचे धोरण यांचा समावेश होतो.

## परिवीक्षा

परिवीक्षा म्हणजे कर्मचारी पदास योग्य आहे की नाही हे पाहण्याचा प्रारंभीचा काळ. खासगी क्षेत्रात तो साधारणतः तीन ते सहा महिन्यांचा असतो. या काळात दोन्ही बाजूंना अल्प सूचनेवर संबंध संपवता यावा, हा त्यामागील हेतू असतो.

उमेदवार बहुधा परिवीक्षा किती महिन्यांची आहे एवढेच विचारतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ती मुदत संपल्यावर काय होते. मुदत संपली म्हणून कर्मचारी आपोआप कायम होतोच असे नाही. पत्रात ‘कायम केल्याचे लेखी कळवेपर्यंत परिवीक्षा चालू राहील’ असे म्हटले असेल, तर सहा महिने उलटूनही कर्मचारी परिवीक्षाधीनच राहू शकतो. याउलट, कमाल मुदत स्पष्ट लिहिलेली असेल आणि तिच्यानंतरही त्याला कामावर ठेवले असेल, तर तो कायम झाला असे मानण्यास आधार मिळतो. शासकीय सेवेच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध धरमसिंग या १९६८ च्या निकालात असाच विचार मांडला होता. त्या प्रकरणातील सेवानियमांत परिवीक्षेची कमाल मर्यादा घातलेली होती, ही गोष्ट तेथे निर्णायक ठरली.

दुसरा प्रश्न परिवीक्षेतील नोटीस काळाचा. काही पत्रांत कंपनीसाठी सात दिवस आणि कर्मचाऱ्यासाठी तीस दिवस अशी विषम मुदत आढळते. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे पाहावेत. एकच आकडा वाचून तो दोघांनाही लागू आहे असे गृहीत धरू नये.

परिवीक्षाधीन असणे म्हणजे कायद्याच्या संरक्षणाबाहेर असणे नव्हे. जेथे भविष्य निर्वाह निधीची योजना लागू आहे, तेथे पात्र कर्मचाऱ्याची वर्गणी रुजू झाल्यापासून सुरू होते; परिवीक्षा संपण्याची वाट पाहावी लागत नाही. उपदानासाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, सेवेचा काळ मोजतानाही हे महिने वगळले जात नाहीत. ‘आमच्याकडे कायम झाल्यावरच पीएफ कापतात’ असे उत्तर मिळाल्यास ते सावध होण्याचे कारण समजावे.

## सेवाबंधपत्र

सेवाबंधपत्रात कर्मचारी ठरावीक काळ, बहुधा एक ते तीन वर्षे, नोकरी न सोडण्याचे मान्य करतो आणि सोडल्यास ठरावीक रक्कम देण्याचे कबूल करतो. नियोक्ता यासाठी प्रशिक्षणाचा किंवा भरतीचा खर्च हे कारण देतो.

### कायद्याची भूमिका

बंधपत्राविषयी दोन टोकांचे समज प्रचलित आहेत. एक असा की, बंधपत्र म्हणजे निव्वळ कागद, त्याला न्यायालयात किंमत नाही. दुसरा असा की, एकदा सही केली की नोकरी सोडताच येत नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

नोकरी सोडू इच्छिणाऱ्याला त्याच जागी काम करण्यास न्यायालय भाग पाडत नाही. व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेल्या कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही, हे तत्त्व विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १४ मध्ये आहे. प्रश्न उरतो तो पैशांचा. त्याविषयी करार अधिनियमाचे कलम ७४ सांगते की, करारात भंगाची रक्कम लिहिलेली असली तरी बाधित पक्षाला वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणजे बंधपत्रात पाच लाख रुपये लिहिले म्हणून पाच लाख मिळतीलच असे नाही. प्रशिक्षणावर खरोखर काय खर्च झाला, हा प्रश्न तेथे विचारला जातो.

कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपुरता निरर्थक असतो. मात्र नोकरी चालू असतानाचे बंधन आणि नोकरी संपल्यानंतरचे बंधन यांत न्यायालयांनी फरक केला आहे. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या १९६७ च्या निकालाचा उगम कल्याण येथील टायर कॉर्ड धाग्याच्या उत्पादनाशी निगडित होता. पाच वर्षांच्या करारावर असलेल्या पर्यवेक्षकाने मुदतीपूर्वी नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत तशाच प्रकारचे काम स्वीकारले होते. कराराच्या उरलेल्या काळात असे काम अन्यत्र करण्यास घातलेली मर्यादित मनाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. कारण ते बंधन कराराच्या मुदतीपुरतेच होते आणि त्याला परकीय सहकार्यातून आलेल्या तंत्रज्ञानाची माहिती देण्यात आली होती.

अलीकडचा महत्त्वाचा निकाल विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे हा असून तो मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. भरतीच्या अटींनुसार किमान तीन वर्षे सेवा करणे किंवा दोन लाख रुपये भरणे आवश्यक होते. अधिकाऱ्याने २००७ मध्ये रुजू होऊन २००९ मध्ये राजीनामा दिला, रक्कम निषेध नोंदवून भरली आणि ती परत मिळण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या बाजूने लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ही अट पुढील नोकरीस मज्जाव करत नाही, सार्वजनिक बँकेची भरतीप्रक्रिया खर्चिक असते आणि वरिष्ठ पदाच्या वेतनाशी तुलना करता ही रक्कम राजीनामा अशक्य करणारी नाही, असे न्यायालयाने नमूद केले. या निकालाने प्रत्येक बंधपत्र ग्राह्य ठरते असे मात्र नाही. पद, वेतन, खर्च आणि रक्कम यांचे प्रमाण प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे पाहावे लागते.

### बंधपत्रात पाहावयाच्या गोष्टी

बंधपत्राची रक्कम सर्वांच्या नजरेस पडते. परंतु पुढील तीन बाबींवर तिचा खरा भार अवलंबून असतो.

पहिली बाब म्हणजे मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते. ती रुजू झाल्यापासून, प्रशिक्षण संपल्यापासून किंवा कायम झाल्यापासून मोजली जाऊ शकते. तिसऱ्या प्रकारात परिवीक्षा वाढली की बंधनही पुढे सरकते.

दुसरी बाब म्हणजे रक्कम काळानुसार घटते की तीच राहते. दोन वर्षांच्या बंधपत्रात तेवीस महिने काम करून गेलेल्याकडूनही पूर्ण रक्कम मागणे आणि केवळ उरलेल्या एका महिन्याचा हिस्सा मागणे, यांत मोठे अंतर आहे.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. नोकरी कोणी संपवली म्हणजे रक्कम देय होते, हे वाक्यरचनेवरून ठरते. ‘कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यास’ हे शब्द आणि ‘कोणत्याही कारणाने सेवा संपुष्टात आल्यास’ हे शब्द दिसायला जवळचे असले, तरी दुसऱ्या शब्दरचनेत कंपनीने स्वतः कामावरून कमी केलेल्या व्यक्तीकडूनही रक्कम मागण्यास वाव राहतो.

काही ठिकाणी बंधपत्रासोबत सही केलेला कोरा धनादेश, पालकांची जामीनकी किंवा मूळ प्रमाणपत्रे मागितली जातात. सही केलेला धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रारीला तोंड द्यावे लागू शकते. त्यामुळे वाद दिवाणी न राहता कर्मचाऱ्यावरील दडपण वाढते. पदवीची मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवणे आणि ती ताब्यात देणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली रास्त आहे. दुसरीस नम्रपणे नकार द्यावा आणि साक्षांकित प्रती देऊ कराव्यात.

## नोटीस काळ आणि त्याची भरपाई

राजीनामा दिल्यानंतर जितके दिवस काम करावे लागते, तो नोटीस काळ होय. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेक कंपन्यांत तो साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. नवा नियोक्ता मात्र पुष्कळदा महिन्याभरात रुजू होण्यास सांगतो. मधले दिवस काम न करता त्यांच्या वेतनाइतकी रक्कम भरून मोकळे होणे, याला बायआउट म्हणतात.

पैसे भरून मोकळे होण्याचा पर्याय कर्मचाऱ्याला आहे की कंपनीच्या संमतीवर अवलंबून आहे, हे जुन्या नियुक्तिपत्रात पाहावे लागते. ‘नव्वद दिवसांची नोटीस अथवा तितक्या दिवसांचे वेतन’ अशी रचना असेल, तर पर्याय कर्मचाऱ्याकडे असल्याचे म्हणता येते. ‘कंपनीच्या स्वेच्छाधिकारानुसार’ हे शब्द पुढे जोडलेले असतील, तर पैसे देण्याची तयारी असूनही कंपनी पूर्ण मुदत काम करण्याचा आग्रह धरू शकते आणि कार्यमुक्ती पत्र अडवून ठेवू शकते. नव्या नियोक्त्याला हेच पत्र रुजू होताना हवे असते.

भरपाई मूळ वेतनावर मोजायची की एकूण मासिक वेतनावर, यावरून रक्कम दुप्पटही होऊ शकते. शिल्लक रजा या दिवसांत वळती करता येते का, हेही तेथेच तपासावे. काही वेळा अशा वसुलीवर वस्तू व सेवा कर लावला जात असे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ऑगस्ट २०२२ मधील परिपत्रकाद्वारे, नोटीस वेतनाची आणि बंधपत्राची वसुली ही सेवेचा मोबदला नसल्यामुळे तिच्यावर हा कर लागत नाही, असे स्पष्ट केले आहे. अंतिम हिशेबात असा कर जोडलेला दिसल्यास त्याचे कारण लेखी विचारावे.

नवा नियोक्ता ही रक्कम परत देण्याचे कबूल करतो, तेव्हा आणखी तीन गोष्टी निश्चित कराव्या लागतात: परतफेडीची कमाल मर्यादा, ती कोणत्या महिन्यात मिळेल, आणि नोकरी लवकर सोडल्यास ती परत मागितली जाईल काय. अशी परतफेड सामान्यतः वेतनात मिळवली जाते आणि उत्पन्नाच्या पातळीनुसार तिच्यावर करकपात होते. त्यामुळे हाती येणारी रक्कम भरलेल्या रकमेपेक्षा कमी असू शकते.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून तीनही अटींचा एकत्र परिणाम दाखवण्यासाठी दिले आहे.

नाशिक येथील एका संगणक अभियंतेचे एकूण मासिक वेतन ४५,००० रुपये असून त्यातील मूळ वेतन २२,५०० रुपये आहे. तिचा नोटीस काळ नव्वद दिवसांचा आहे. पुण्यातील कंपनीने तिला मासिक ६०,००० रुपयांचा प्रस्ताव दिला. अटी अशा होत्या: तीस दिवसांत रुजू व्हावे, परिवीक्षा सहा महिन्यांची असून ती वाढवता येईल, परिवीक्षेत कंपनीने सात दिवसांची, तर कर्मचाऱ्याने तीस दिवसांची नोटीस द्यावी, कायम झाल्यापासून दोन वर्षांचे आणि दीड लाख रुपयांचे बंधपत्र राहील, नोटीस भरपाई ६०,००० रुपयांपर्यंत परत दिली जाईल आणि एका वर्षाच्या आत ‘सेवा संपुष्टात आल्यास’ ती वसूल केली जाईल. बंधपत्रातही हेच शब्द होते.

तीस दिवसांत रुजू व्हायचे म्हणजे साठ दिवसांची भरपाई. ती मूळ वेतनावर मोजली तर ४५,००० रुपये होते आणि एकूण वेतनावर मोजली तर ९०,००० रुपये. तिच्या जुन्या नियुक्तिपत्रात ‘एकूण वेतन’ हा शब्द होता. म्हणजे परतफेडीची मर्यादा वजा जाता ३०,००० रुपये तिला स्वतःच्या खिशातून भरावे लागले असते. शिवाय ९०,००० रुपये आधी भरून परतफेडीची वाट पाहावी लागली असती.

आता पुढील वर्षाचा विचार करू. समजा, परिवीक्षा तीन महिन्यांनी वाढली. तर बंधपत्राची दोन वर्षे नवव्या महिन्यानंतर सुरू होतील आणि प्रत्यक्ष बंधन तेहतीस महिन्यांचे होईल. पत्र वरवर वाचणाऱ्याला ते चोवीस महिन्यांचे वाटते.

समजा, पाचव्या महिन्यातच कंपनीने काम समाधानकारक नसल्याचे कळवून सेवा संपवली. तिला सात दिवसांचे वेतन, म्हणजे १४,००० रुपये मिळतील. परंतु ‘सेवा संपुष्टात आल्यास’ या शब्दांच्या आधारे तिच्याकडून ६०,००० रुपयांची नोटीस भरपाई परत मागितली जाऊ शकते आणि बंधपत्राच्या दीड लाखांवरही हक्क सांगितला जाऊ शकतो. न्यायालयात हा दावा कितपत टिकेल, ही गोष्ट वेगळी. नोकरी गेलेल्या व्यक्तीच्या हाती दोन लाख दहा हजारांच्या मागणीचे पत्र पडणे आणि कार्यमुक्ती पत्र अडकणे, हाच तिच्यासमोरचा तात्कालिक प्रश्न असतो.

या अभियंतेने राजीनामा देण्यापूर्वी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारणा केली. कंपनीने बंधपत्र रद्द करण्यास नकार दिला, परंतु त्याची मुदत रुजू झाल्यापासून मोजण्याचे, रक्कम दरमहा समप्रमाणात घटवण्याचे आणि कंपनीने सेवा संपवल्यास कोणतीही वसुली न करण्याचे मान्य केले. परिवीक्षेची कमाल मर्यादा नऊ महिने ठरली. परतफेडीची मर्यादा वाढली नाही. पण रुजू होण्याची मुदत तीसवरून पन्नास दिवस झाली. त्यामुळे भरपाई चाळीस दिवसांची, म्हणजे ४५,००० भागिले ३० गुणिले ४० या हिशेबाने नेमकी ६०,००० रुपये झाली आणि करकपात वगळता तिचा वाटा उरला नाही. अठराव्या महिन्यात तिने नोकरी सोडली, तर बंधपत्रापोटी दीड लाखांऐवजी उरलेल्या सहा महिन्यांचे ३७,५०० रुपये देय होतील.

कंपनीने येथे वेतनात एक रुपयाही वाढवलेला नाही. बदल केवळ शब्दांत आणि तारखांत झाला. अशा विनंत्या मान्य होण्याची शक्यता त्यामुळेच अधिक असते.

## विचारण्याची पद्धत

विचारणा प्रस्ताव मिळाल्यानंतर आणि स्वीकृती देण्यापूर्वी करावी. मुलाखतीच्या पहिल्या फेरीत हे प्रश्न अकाली ठरतात. स्वीकृतीनंतर ते निष्प्रभ होतात. प्रथम दूरध्वनीवर बोलून नंतर त्याच मुद्द्यांचे ईमेल पाठवणे सोयीचे असते, कारण बोलण्यातील आश्वासन देणारी व्यक्ती पुढे त्या जागी असेलच असे नाही. प्रश्न अविश्वासाच्या सुरात न विचारता खुलाशाच्या स्वरूपात विचारावेत. पत्राचा एक नमुना असा:

> आदरणीय महोदया,
>
> आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे. या पदावर रुजू होण्याची माझी इच्छा आहे. स्वीकृती कळवण्यापूर्वी पुढील बाबींचा खुलासा मिळावा, ही विनंती.
>
> १. परिवीक्षा वाढवल्यास तिची कमाल मर्यादा किती राहील? मुदतीनंतर लेखी सूचना न मिळाल्यास मला कायम समजले जाईल काय?
>
> २. बंधपत्राची मुदत कोणत्या तारखेपासून मोजली जाईल? सेवेच्या काळानुसार रक्कम घटेल काय?
>
> ३. कंपनीने सेवा समाप्त केल्यास बंधपत्राची रक्कम आणि परत दिलेली नोटीस भरपाई वसूल केली जाणार नाही, असे गृहीत धरावे काय?
>
> ४. नोटीस भरपाईची परतफेड कोणत्या महिन्याच्या वेतनात होईल आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील?
>
> बंधपत्राचा आणि नियुक्तिपत्राचा मसुदा सोबत मिळाल्यास बरे होईल. आपले उत्तर आल्यावर दोन दिवसांत निर्णय कळवीन.
>
> आपली विश्वासू

उत्तर मिळाल्यावर त्याचे स्वरूप पाहावे. ‘होय, रक्कम समप्रमाणात घटते’ हे उत्तर आहे. ‘आजवर आम्ही कोणाकडून वसुली केलेली नाही’ हे उत्तर नव्हे; ती केवळ पूर्वीच्या वर्तनाची माहिती आहे. वसुली करायचीच नसेल, तर तसे लिहिण्यास हरकत नसावी, असे नम्रपणे सुचवता येते. ‘हा प्रमाणित नमुना आहे, त्यात बदल होत नाही’ असे सांगितले गेल्यास मूळ मसुदा न बदलता ऑफर लेटरमध्ये एक ओळ जोडण्याची किंवा स्वतंत्र पुरवणी पत्र देण्याची विनंती करावी.

मान्य झालेले बदल सुधारित ऑफर लेटरमध्ये आले आहेत का, हे तपासावे. नियुक्तिपत्रात ‘या पत्रामुळे पूर्वीचा सर्व पत्रव्यवहार रद्द समजावा’ अशा आशयाचे वाक्य असेल, तर केवळ ईमेलमधील आश्वासनाचे बळ कमी होते. अशा वेळी तो बदल नियुक्तिपत्रातच यावयास हवा. रुजू होण्याच्या दिवशी वेगळा मजकूर समोर आल्यास मान्य झालेले ईमेल दाखवून दुरुस्ती मागावी. सर्व कागदांच्या प्रती कार्यालयीन ईमेल खात्यात न ठेवता स्वतःजवळ ठेवाव्यात, कारण नोकरी संपताच ते खाते बंद होते.

## मर्यादा

प्रत्येक उमेदवाराला वाटाघाटीची सारखीच संधी नसते. महाविद्यालयीन परिसर भरतीत शेकडो विद्यार्थ्यांना एकच पत्र दिले जाते आणि एकासाठी त्यात बदल होणे कठीण असते. सार्वजनिक उपक्रमांत अटी भरतीच्या जाहिरातीतच प्रसिद्ध झालेल्या असतात. अशा ठिकाणी विचारणेचा उपयोग अट बदलण्यासाठी होत नाही. ती नीट समजून घेण्यासाठी होतो. बंधपत्राची रक्कम किती महिन्यांच्या वेतनाइतकी आहे आणि तितकी रक्कम उभी करता येईल काय, हे आधी कळले तरी निर्णय डोळसपणे घेता येतो. विद्यार्थ्यांनी ही विचारणा महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षामार्फत एकत्रितपणे केल्यास उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

कायद्याचे वरील विवेचन सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. मोठी रक्कम, कोरा धनादेश किंवा पालकांची जामीनकी यांचा संबंध येत असल्यास स्वाक्षरीपूर्वी मसुदा वकिलास दाखवणे इष्ट असते. लेखी खुलासा देण्यास कंपनीने स्पष्ट नकार दिला, तर पत्रातील शब्दांचा उमेदवारास सर्वांत प्रतिकूल असा अर्थ धरून हिशेब मांडावा. त्या हिशेबानेही नोकरी स्वीकारण्याजोगी वाटली, तरच स्वाक्षरी करावी आणि त्यानंतर जुन्या ठिकाणी राजीनामा द्यावा.